डबा टीव्ही, जुना गेम आणि तीन वायरी: रंग नेमका कुठे हरवतो?

जपानहून आलेला सेगा मेगा ड्राइव्ह हा जुना गेम कन्सोल. घरातला 21 इंची डबा टीव्ही, पिक्चर ट्यूब अजून ठणठणीत. पिवळी पिन पिवळ्या भोकात, पांढरी पांढऱ्यात. गेम सुरू होतो, आवाज येतो, चित्र अगदी स्थिर आहे, पण सगळं कृष्णधवल. दुकानदार सांगतो की वायर खराब आहे. नवी वायर आणली तरी चित्र पुन्हा कृष्णधवलच. तिसरा कुणी सांगतो, टीव्हीची ट्यूब गेली.

वायरही बरी असते आणि ट्यूबही बरी असते. गडबड असते ती कन्सोलने रंग कसा बांधून पाठवला आणि टीव्ही तो कसा सोडवतो, यात. जुन्या कन्सोलचं चित्र टीव्हीपर्यंत नेण्याचे तीन मार्ग आहेत: आरएफ, कॉम्पोझिट आणि स्कार्ट. तिन्हींत फरक एवढाच की चित्राच्या कुठल्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. हे एकदा लक्षात आलं की कुठलाही बिघाड पडद्याकडे बघूनच बराचसा ओळखता येतो.

चित्रात असतं काय

कन्सोलच्या आत चित्र तीन वेगळ्या तारांवर तयार होतं: लाल, हिरवा, निळा. सोबत एक चौथा इशारा असतो, "इथे ओळ संपली, इथे पडदा संपला" असं सांगणारा. त्याला सिंक म्हणतात. टीव्हीच्या ट्यूबलाही शेवटी हेच हवं असतं, कारण तिच्या मानेत लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी तीन वेगळे इलेक्ट्रॉनचे झोत असतात.

मधल्या प्रवासात मात्र हे चार पदार्थ एका डब्यात भरले जातात. आधी तीन रंगांतून "किती उजेड" आणि "कुठला रंग" असे दोन भाग केले जातात. मग रंगाचा भाग एका ठराविक वेगाने थरथरणाऱ्या लहरीवर बसवून उजेडाच्याच तारेत मिसळला जातो. आता एका तारेत सगळं आलं, हे झालं कॉम्पोझिट. हे कॉम्पोझिट आणि आवाज मिळून रेडिओ लहरीवर चढवले, जणू कन्सोल हेच एक छोटं दूरदर्शन केंद्र आहे, की झालं आरएफ. आणि काहीच न मिसळता लाल, हिरवा, निळा आपापल्या तारेतून नेले, की तो स्कार्टचा उत्तम उपयोग.

रंगाची ती लहर किती वेगाने थरथरते, यावर जगाचे दोन मोठे तट पडतात. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात पाल पद्धत होती. तिच्यात रंगाची लहर सुमारे 4.43 मेगाहर्ट्झवर असते आणि पडदा सेकंदाला 50 वेळा रंगवला जातो. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी होती. तिथे लहर सुमारे 3.58 मेगाहर्ट्झवर असते आणि पडदा 60 वेळा रंगवला जातो. फक्त पाल जाणणारा टीव्ही 4.43 वर रंग शोधतो. तिथे काही सापडलं नाही की "प्रक्षेपण कृष्णधवल असावं" असं समजून तो रंगाचा विभागच बंद करतो. वरच्या मेगा ड्राइव्हच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे.

आरएफ: मुंग्यांमधून गेम शोधणं

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले कॅसेटचे गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यातले बरेचसे पालसाठी बनवलेले होते आणि ते अँटेनाच्याच भोकात जोडले जात. तो गेम आज पुन्हा लावायचा असेल तर असं करा.

आधी केबलवाल्याची किंवा अँटेनाची वायर पूर्ण काढा. ती बाजूला लोंबकळतही ठेवू नका. गेमचा आरएफ सिग्नल फार कमजोर असतो आणि शेजारची वायर त्यात तिरप्या रेघांचं जाळं उमटवते. गेमची वायर टीव्हीच्या अँटेना भोकात घाला. मध्ये "टीव्ही / गेम" असं खटक्याचं डबडं असेल तर खटका गेमकडे करा. जमलं तर ते डबडंच काढून थेट जोडणी करा, कारण तिथले पत्रे गंजलेले असतात.

कॅसेट घालून गेम चालू करा. टीव्हीवर एखादा रिकामा प्रोग्रॅम नंबर निवडा, समजा 8. ट्यूनिंगमध्ये बँड `VL` किंवा `I` ठेवा. बरेच गेम याच पट्ट्यात पाठवतात. भारतीय चॅनेल 2, 3 आणि 4 यांची चित्रलहर 48.25, 55.25 आणि 62.25 मेगाहर्ट्झवर असते. `AFT` असा पर्याय असेल तर शोधताना तो बंद ठेवा, नाहीतर टीव्ही स्वतःच्या मताने इकडेतिकडे सरकतो. आता तळापासून अगदी हळू वर जा.

चित्र दिसण्याची वाट बघू नका, मुंग्यांकडे लक्ष ठेवा. ज्या क्षणी मुंग्या शांत होतात आणि पडदा काळा, करडा किंवा एकाच रंगाचा होतो, तिथे गेमचा सिग्नल सापडला. चित्र नसलं तरी वायर, खटका, ट्यूनिंग सगळं बरोबर आहे. दोष बहुधा कॅसेटमध्ये आहे, तिचे पितळी दात काळे पडले आहेत. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसा, वाळू द्या आणि पुन्हा लावा. फुंकर मारू नका. तोंडातली वाफ त्या दातांवर बसते आणि गंज वाढवते. मुंग्या मात्र कुठेच शांत होत नसतील, तर कॅसेट कितीही पुसली तरी काही होणार नाही. तेव्हा वायर, बँड किंवा गेमच्या आतला आरएफचा डबा तपासायचा.

सापडल्यावर बारीक ट्यूनिंग करा. रंग हा चित्रलहरीपासून 4.43 मेगाहर्ट्झ लांब बसलेला असतो, म्हणजे पट्ट्याच्या अगदी कडेला. त्यामुळे ट्यूनिंग थोडं घसरलं तर आधी रंग जातो, चित्र राहतं. दुसऱ्या बाजूला घसरलं तर आवाज चित्रात शिरतो आणि संगीताच्या तालावर पडद्यावर लाटा हलतात. या दोन्हींच्या मधली जागा धरून साठवा, मग `AFT` चालू करा.

परदेशी कन्सोल आरएफवर आणखी एक गंमत करतो. ब्रिटनचा मेगा ड्राइव्ह यूएचएफच्या 36 नंबरवर, म्हणजे 591.25 मेगाहर्ट्झवर पाठवतो. भारतीय टीव्हीवर तो `U` बँडमध्ये मिळतो आणि पाल असल्याने रंगही येतो. पण आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. ब्रिटनमध्ये आवाजाची लहर चित्रलहरीपासून 6 मेगाहर्ट्झ दूर असे, आपला टीव्ही ती 5.5 वर शोधतो. जपानी कन्सोलमध्ये ती 4.5 वर असते. शिवाय जपानचे चॅनेल 1 आणि 2 हे 91.25 आणि 97.25 मेगाहर्ट्झवर असत. आपल्या जुन्या ट्यूनरमध्ये ती जागा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत येते. म्हणून जपानी किंवा अमेरिकन कन्सोलसाठी आरएफच्या नादी लागू नये. दिवस जाईल आणि शेवटी मुकं कृष्णधवल चित्र हाती येईल.

कॉम्पोझिट: पिवळी पिन

मेगा ड्राइव्हकडे परत येऊ. पहिल्या मॉडेलच्या मागे आठ पिनांचं गोल भोक असतं. त्यातून कॉम्पोझिट चित्र आणि मोनो आवाज असे दोन्ही मिळतात, शिवाय आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन वेगळे रंगही, पण त्याबद्दल पुढे. स्टिरिओ आवाज हवा असेल तर तो पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो. आपल्या बहुतेक डबा टीव्हींना आवाजाचं एकच भोक असल्याने मागचा मोनोच सोयीचा. कन्सोल स्टिरिओ आणि टीव्ही मोनो असेल, आणि फक्त पांढरी पिन जोडली असेल, तर उजव्या बाजूचे आवाज गायब होतात. मग दोन पिना एकात आणणारा छोटा जोड घ्या.

वीज लावण्याआधी एक तपासणी. जपानी अडॅप्टर 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात तो काही क्षणांत जळतो. पहिल्या मॉडेलसाठी 9 व्होल्ट डीसी, किमान 1.2 अँपिअर, आणि पिनेच्या मधोमध निगेटिव्ह असलेला अडॅप्टर लागतो. दुसऱ्या मॉडेलला मधोमध पॉझिटिव्ह लागतो, म्हणून "मेगा ड्राइव्हचा अडॅप्टर" एवढंच सांगून विकत घेऊ नका. आकृती बघून घ्या.

आता रंग. रीमोटवर `MENU` दाबून `COLOUR SYSTEM` किंवा तशाच नावाची ओळ शोधा. तिथे `AUTO`, `PAL`, `NTSC 3.58`, `NTSC 4.43` असे पर्याय असतील तर `NTSC 3.58` निवडा. `AUTO` सहसा पुरतो, पण काही संच चुकतात. हे आधी टीव्हीला `AV` वर नेऊन मगच बघा. अनेक संचांत एनटीएससी फक्त तिथेच उपलब्ध असतं, अँटेनाच्या चॅनेलवर ती ओळ दिसतसुद्धा नाही. एनटीएससी निवडल्यावर रंगछटा बदलणारी `TINT` किंवा `HUE` ही ओळ जागी झाली, तर संचाने एनटीएससी मान्य केल्याची ती खूण आहे.

मेनूत असं काहीच नसेल तर संच फक्त पालचा आहे. मग दोन चित्रं संभवतात. नुसतं कृष्णधवल पण स्थिर असेल, तर टीव्हीने 60 चा वेग पकडला आहे, अडचण फक्त रंगाची आहे. चित्र वर किंवा खाली सतत गुंडाळलं जात असेल, तर वेगही पकडलेला नाही. फार जुन्या संचांना मागे `V-HOLD` नावाची फिरकी असते. ती बाहेरून हाताला येत असेल तर हळू फिरवून चित्र थांबवता येतं. बाहेरून येत नसेल तर मागचं झाकण उघडू नका. रंगीत ट्यूबवर 20 हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये बराच काळ साठून राहतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचंच.

रंग आला, तरी मेगा ड्राइव्हच्या कॉम्पोझिटमध्ये उभ्या कडांवर ठिपके सरकताना दिसतील आणि बारीक नक्षीवर इंद्रधनुष्याचे पट्टे येतील. हा बिघाड नाही. उजेड आणि रंग एकाच तारेत आल्याने बारीक उभ्या रेघा टीव्हीला रंगाच्या लहरीसारख्याच भासतात, आणि तो त्यांना रंग देऊन टाकतो. गंमत म्हणजे त्या काळच्या चित्रकारांना हे ठाऊक होतं. मेगा ड्राइव्हवरच्या सोनिक या गेमच्या पहिल्या टप्प्यातला धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढला आहे. कॉम्पोझिटमध्ये त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक वाटतं. स्वच्छ आरजीबीमध्ये तोच धबधबा गजांच्या खिडकीसारखा दिसतो. त्यामुळे कॉम्पोझिट म्हणजे फक्त तडजोड, असं आमच्या मते तरी नाही.

चित्र अंधारं आणि मलूल वाटलं तर मागे काय काय जोडलंय ते बघा. काही संचांत पुढचं आणि मागचं एव्ही भोक आतून एकच असतं. मागे डीव्हीडी प्लेअर अडकवलेला असेल तर तो बंद असला तरी सिग्नलचा वाटा खातो. पिवळ्या पिनेला दुहेरी जोड लावून दोन टीव्ही चालवले तरी असंच होतं. एक व्होल्टचा हा सिग्नल 75 ओहमच्या एकाच ग्राहकासाठी मोजून दिलेला असतो. वायर हलवली की रंग येतो-जातो, असं होत असेल तर भोकाचं पितळ हिरवं पडलं आहे. समुद्राकाठच्या घरांत हे फारच होतं. पिन घालून चार-पाच वेळा फिरवली की तात्पुरतं सुधारतं, नीट करायचं तर कॉन्टॅक्ट क्लीनर.

स्कार्ट: रंग न बांधता नेणं

स्कार्ट म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेलं 21 टोकांचं रुंद, तिरप्या बाजूचं भोक. 1980 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या टीव्हींवर ते सक्तीचं झालं आणि हळूहळू युरोपभर पसरलं. भारतीय संचांवर ते क्वचितच दिसतं, म्हणून हा भाग मुख्यतः युरोपात राहणाऱ्यांच्या किंवा तिकडून टीव्ही आणलेल्यांच्या उपयोगाचा.

तोच जपानी मेगा ड्राइव्ह इथे पूर्ण रंगात दिसतो, टीव्ही फक्त पालचा असला तरीही. लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी आले की 4.43 की 3.58 हा प्रश्नच उरत नाही, कारण सोडवायला गाठच नाही. टीव्हीला फक्त 60 चा वेग पकडता आला पाहिजे, आणि नव्वदच्या दशकातले बहुतेक युरोपीय संच तो पकडतात.

वायर मात्र नीट समजून घ्यावी लागते. स्कार्टच्या 15, 11 आणि 7 या टोकांवर लाल, हिरवा आणि निळा येतात, 20 वर सिंक, 6 आणि 2 वर डावा-उजवा आवाज. खरी मेख 16 नंबरला आहे. त्यावर 1 ते 3 व्होल्ट असतील तरच टीव्ही तीन रंगांकडे बघतो. तिथे दाब नसेल, तर तो 20 नंबरवरचं कॉम्पोझिटच दाखवतो. आता बहुतेक वायरींत सिंक म्हणून कॉम्पोझिटच 20 वर दिलेलं असतं, म्हणून चित्र येतंच आणि फसगत होते. ओळखायचं कसं? पाल कन्सोल असेल तर कडांवर सरकणारे ठिपके शोधा. ते दिसले म्हणजे आरजीबी चालू झालेलं नाही. जपानी कन्सोल आणि पाल टीव्ही असेल तर आणखी सोपं आहे, चित्र कृष्णधवल असेल.

16 वरचा दाब कन्सोलच्या 5 व्होल्टमधून घेतात, मध्ये 180 ओहमचा रोधक घालून. टीव्हीच्या आत त्या टोकाला 75 ओहम असतात. म्हणजे 5 गुणिले 75, भागिले 255: साधारण दीड व्होल्ट. मर्यादेच्या आत. रोधक न घालता थेट 5 व्होल्ट दिलेल्या स्वस्त वायरी मिळतात. काही टीव्ही ते सोसतात, पण ती जोखीम कशाला?

मेगा ड्राइव्हच्या तिन्ही रंगांच्या तारांत प्रत्येकी 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, पॉझिटिव्ह टोक कन्सोलकडे. कन्सोल रंगासोबत थोडा स्थिर दाबही पाठवतो आणि कपॅसिटर तो अडवतो. कपॅसिटर नसेल तर काळं काळं राहत नाही, सगळं चित्र पांढुरकं होतं. युरोपातल्या सुपर निन्टेंडोचा हिशेब उलटा आहे. त्याला कपॅसिटर नको, पण प्रत्येक रंगाच्या तारेतून जमिनीकडे 75 ओहमचा रोधक हवा, नाहीतर चित्र डोळ्यांत जाईल इतकं उजळ होतं. जपानी-अमेरिकन सुपर निन्टेंडोला पुन्हा कपॅसिटरच हवेत. म्हणून "सुपर निन्टेंडोची स्कार्ट वायर" असं म्हणून घेतलेली वायर कुठल्या देशाच्या यंत्रासाठी आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

टीव्ही आपोआप एव्हीवर जात नसेल तर तो बिघाड समजू नका. त्या कामासाठी 8 नंबरच्या टोकावर 12 व्होल्टच्या जवळपास दाब लागतो आणि मेगा ड्राइव्ह तो देतच नाही. रीमोटने `AV` निवडा. तिथे 5 व्होल्ट देऊन काम भागवलेल्या वायरीही असतात. त्या दाबाचा अर्थ "रुंद पडदा" असा होत असल्याने काही संच चित्र चपटं करतात. आणि टीव्हीला दोन स्कार्ट भोकं असतील तर आधी `AV1` वापरा. बऱ्याच संचांत आरजीबी फक्त तिथेच येतं.

आवाजात गुणगुण ऐकू येत असेल आणि पडदा पांढरा झाला की ती वाढत असेल, तर वायरीच्या आत चित्राच्या आणि आवाजाच्या तारा वेगळ्या आवरणांत नाहीत. त्यावर टीव्हीच्या मेनूत उपाय नाही, वायरच बदलायची.

हुबेहूब तसंच दिसणारं एक जपानी भोकही आहे, जपानी आरजीबी. टोकं तीच, पण त्यांवरच्या तारांची वाटणी वेगळी. जपानी वायर युरोपीय टीव्हीत घातली तर चित्र येणार नाहीच, शिवाय नको त्या टोकावर व्होल्ट जाऊन नुकसान होऊ शकतं. जुनी वायर विकत घेताना प्लग उघडून 15, 11 आणि 7 वर खरंच तारा आहेत का, ते बघणं दोन मिनिटांचं काम आहे.

भारतीय टीव्हीला स्कार्ट नाही, मग?

बाजारात स्कार्टच्या तोंडाचा आणि मागे पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांचा छोटा जोड मिळतो, कधी त्यावर `IN / OUT` असा खटकाही असतो. त्यातून आरजीबी मिळेल असं अनेकांना वाटतं. त्या जोडात फक्त कॉम्पोझिट आणि दोन आवाज यांच्याच तारा असतात. तो लाल रंग उजव्या आवाजाचा आहे, चित्रातला लाल नव्हे.

खरा मार्ग आहे तो शेवटच्या काळातल्या चपट्या काचेच्या डबा टीव्हींवर. त्यांच्या मागे अनेकदा हिरवं, निळं, लाल अशी चित्राची तीन भोकं असतात, डीव्हीडीसाठी दिलेली. यांना कॉम्पोनंट म्हणतात. ती आरजीबी नाहीत. हिरव्यावर उजेड आणि सिंक, उरलेल्या दोघांवर रंगांचे फरक असतात. आरजीबी थेट त्यात घातलं तर चित्र हिरवट-जांभळं होईल किंवा थांबणारच नाही. मध्ये आरजीबीचं कॉम्पोनंटमध्ये रूपांतर करणारी डबी लागते. ती घेताना ती फक्त रंगांचं गणित बदलते की चित्राचा आकारही बदलते, ते विचारा. आकार बदलणारी डबी चित्र क्षणभर साठवून मग पाठवते. आणि कॅसेटच्या गेमसोबत आलेली बंदूक तिथेच आंधळी होते. घोडा दाबताच पडदा काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतला डोळा तो चौकोन ठरलेल्या क्षणीच शोधतो, उशिरा आलेला उजेड तिच्या हिशेबात नाही. पडदा सेकंदाला 100 वेळा रंगवणाऱ्या महागड्या डबा टीव्हींवरही बंदूक चालत नाही, त्याचं कारणही हेच: तेही चित्र आधी साठवतात. बंदूक खेळायची असेल तर भंगारवाल्याकडचा साधा 50 चा संच आणि पिवळी पिन.